अर्थसंकल्प २०२६-२७ : तयारीचे वेळापत्रक

परिपत्रक
नागपूर, ३१ ऑक्टोबर २०२५
प्रति : सर्व विभागप्रमुख, ग्रंथपाल, वसतिगृह अधीक्षक, कार्यालय अधीक्षक

आपली संस्था सार्वजनिक न्यास असल्याने आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या किमान एक महिना आधी अर्थसंकल्प धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. म्हणून फेब्रुवारीअखेर ही आपली खरी मुदत. पुढील तारखा तिथूनच मागे मोजून ठरवल्या आहेत.

३ नोव्हेंबर, सोमवार : लेखा विभाग प्रत्येक विभागाला मागणीपत्रक देईल. २०२४-२५ चा प्रत्यक्ष खर्च, २०२५-२६ ची मंजूर रक्कम व ३१ ऑक्टोबरपर्यंतचा खर्च हे रकाने आम्ही भरून देऊ.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार : विभागप्रमुखांनी सुधारित २०२५-२६ आणि प्रस्तावित २०२६-२७ हे रकाने भरून, सही करून पत्रक परत करावे. आवर्ती व भांडवली खर्च वेगळा दाखवावा. उपकरणांच्या दरपत्रकात जीएसटी व वाहतूक धरलेली असावी. "गेल्या वर्षीचेच, अधिक दहा टक्के" असे कृपया लिहू नये. गेल्या वर्षी एका प्रयोगशाळेने रसायनांसाठी असाच ठोक आकडा दिला. जानेवारीत सिल्व्हर नायट्रेट संपले, तरतूदही संपली होती, आणि मुलांना अनुमापनाचे प्रात्यक्षिक नुसते बघावे लागले. ते पुन्हा होऊ नये, एवढ्यासाठी वस्तुनिहाय यादी मागत आहोत. प्रयोगशाळा सहायकांना सोबत घेऊन बसावे. कपाटात काय उरले ते त्यांनाच नेमके ठाऊक असते.

कूलर दुरुस्ती व जाळ्या भरण्याची मागणीही याच पत्रकात हवी. मार्च उजाडल्यावर आठवण झाली की मिस्त्री मिळत नाही.

१२ डिसेंबरपर्यंत लेखा विभाग आकडेमोड तपासून एकत्रीकरण करेल. अनुदानित पदांचे वेतन आस्थापना शाखा स्वतंत्र देईल. शुल्काचा अंदाज विद्यार्थी शाखेचा. महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीची थकीत रक्कम त्यात रोख जमा म्हणून धरू नये.

१५ ते १९ डिसेंबर : प्राचार्यांसमोर विभागनिहाय चर्चा. प्रत्येकी वीस मिनिटे. कपात करायची झाल्यास ती विभागप्रमुखांच्या समोरच होईल व कारण पत्रकावर लिहिले जाईल. अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बंद असतील, तर वेळ बदलून मागावी.

९ जानेवारी २०२६ : लेखाधिकारी मसुदा वित्त समितीकडे पाठवतील. बैठक २३ जानेवारीला. समितीने काढलेल्या त्रुटी ३० जानेवारीपर्यंत संबंधित विभागाने दूर कराव्यात.

१४ फेब्रुवारी, शनिवार : व्यवस्थापन मंडळाची अंतिम मंजुरी. सचिव ठराव मांडतील. २० फेब्रुवारीला लेखा विभाग विहित नमुन्यातील अर्थसंकल्प धर्मादाय कार्यालयात सादर करून पोच घेईल. पुढचा आठवडा अडचणींसाठी मोकळा ठेवला आहे.

मंजूर रकमांची पत्रे विभागांना १६ मार्चला मिळतील. खरेदी मात्र १ एप्रिलनंतरच.

पत्रक भरताना अडले तर रोज दुपारी ३ ते ५ लेखा विभागात यावे. सोबत बसून भरून देऊ.

लेखाधिकारी
(प्राचार्यांच्या मान्यतेने)