दुरुस्त वीजबिलाची थकबाकी 16 हप्त्यांत भरू देण्याबाबत अर्ज

दिनांक : 16 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
वीज वितरण कंपनी, शहर उपविभाग

अर्जदार : सौ. मंगल अशोक जाधव, जुनी तालीम गल्ली
ग्राहक क्रमांक : सोबत जोडलेल्या बिलाप्रमाणे (घरगुती, सिंगल फेज)

विषय : सरासरी बिलिंगच्या चुकीमुळे साचलेली ₹21,680 थकबाकी हप्त्यांनी भरण्यास मंजुरी मिळणे व त्यावरील व्याज, विलंब आकार माफ होणेबाबत.

महोदय,

आमच्या घरचे जुने मीटर आपल्या कर्मचाऱ्यांनी मार्च 2024 मध्ये बदलले. नवीन मीटर 4 या आकड्यावर सुरू झाले आणि तो आकडा बदली अहवालावर लिहिलेला आहे. पण नव्या मीटरचा नंबर संगणकात चढलाच नाही. बिलावर जुनाच नंबर येत राहिला. रीडिंग घ्यायला येणाऱ्या मुलाला भिंतीवरचा नंबर त्याच्या मोबाइलमधल्या नंबराशी जुळेना, म्हणून तो 'फॉल्टी' शेरा मारून पुढे जायचा. एप्रिल 2024 ते जून 2025 अशी सलग 15 बिले दरमहा 72 युनिट सरासरीने आली. त्यांतल्या एकाही बिलावर मीटरचा फोटो नाही. ही बिले आम्ही वेळच्या वेळी भरली, एकूण ₹9,585. सर्व पावत्या जपून ठेवल्या आहेत.

बिल कमी येते म्हणून आम्ही गप्प बसलो, असे कुणाला वाटू नये. जून 2024 मध्येच मी आपल्या कार्यालयात लेखी अर्ज दिला होता की मीटर नंबर चुकीचा आहे, प्रत्यक्ष रीडिंगप्रमाणे बिल द्या. आवक शिक्का मारलेली त्याची प्रत सोबत आहे. त्या अर्जावर वर्षभर काही झाले नाही.

पुढे जुलै 2025 च्या बिलात नवा नंबर आला आणि 16 महिन्यांचे 2,960 युनिट एकाच महिन्यात वापरल्यासारखे दाखवले गेले. सरासरीचे भरलेले पैसे वजा करूनही बिल ₹48,340 झाले, कारण 500 युनिटच्या वरचा सगळा वापर सर्वांत महाग स्लॅबमध्ये गेला. आमचा खरा वापर महिन्याला 185 युनिट आहे. घरात फ्रिज, पंखे, टीव्ही, पाण्याची अर्ध्या एचपीची मोटार आणि माझे शिलाई मशीन एवढेच आहे.

11 ऑगस्टला मी तक्रार दिली. 20 ऑगस्टला आपले तंत्रज्ञ घरी आले. त्यांनी मीटरवरची धूळ पुसून नंबर पाहिला, बटण दाबून आकडा माझ्यासमोर वाचला, फोटो काढला आणि पंचनाम्यावर माझी सही घेतली. त्यानंतर 12 सप्टेंबरला दुरुस्त बिल मिळाले. त्यात वापर 16 महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ दिला आहे. ज्यांनी हे काम मनापासून केले त्या बिलिंग विभागाच्या मॅडमची मी आभारी आहे. दुरुस्त बिल ₹22,292 चे आहे. त्यापैकी ₹21,680 ही वापराची फरकाची रक्कम आहे आणि ₹612 व्याज व विलंब आकार.

₹21,680 मला मान्य आहेत. वीज आम्ही वापरली, तिचे पैसे आम्ही देणार. पण ही रक्कम 26 सप्टेंबरच्या आत एकरकमी भरणे आम्हाला शक्य नाही. माझे पती दुसऱ्याचा टेम्पो चालवतात. माझे ब्लाउज आणि फॉल-पिकोचे काम धरून घरात महिन्याला ₹19,000 च्या आसपास येतात, तेही भाडी मिळाली तर. त्यातच मुलीची अकरावीची फी, सासूबाईंची बीपीची औषधे आणि पतपेढीचा ₹3,200 चा हप्ता जातो. दर महिन्याला बरोबर बिल आले असते तर या पैशांतूनच आम्ही ते भरले असते, काटकसर केली असती. ती संधीच आम्हाला मिळाली नाही. जी रक्कम 16 महिन्यांत साचली, ती फेडायलाही 16 महिने मिळावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्यासाठी मी पुढीलप्रमाणे पैसे भरण्यास तयार आहे. बिशीचा नंबर या महिन्यात लागला आहे, त्यातून ₹5,680 मंजुरी मिळाल्यापासून तीन दिवसांत भरते. उरलेले ₹16,000 दरमहा ₹1,000 प्रमाणे ऑक्टोबर 2025 ते जानेवारी 2027 या 16 महिन्यांत, प्रत्येक महिन्याच्या 10 तारखेच्या आत भरीन. चालू महिन्याचे बिल त्याशिवाय पूर्ण भरीन. ऑगस्टचे ₹1,860 चे चालू बिल, आपल्या कार्यालयाने बिलावर रक्कम लिहून सही-शिक्का दिल्यावर, भरलेले आहे. लागोपाठ दोन हप्ते चुकले तर सवलत रद्द करण्याचा आपला अधिकार मला मान्य आहे. तसे हमीपत्र लिहून देते.

₹612 व्याज व विलंब आकार मात्र कृपया कमी करावा आणि हप्ते चालू असताना शिल्लक रकमेवर नव्याने लावू नये. विलंब आकार हा उशिरा पैसे भरणाऱ्याला असतो. आमचे एकही बिल उशिरा भरलेले नाही, आणि जी रक्कम आम्हाला मागितलीच नव्हती ती भरायला उशीर झाला असे म्हणता येणार नाही.

आणखी एका गोष्टीची मला खरी धास्ती आहे. हप्त्याची मंजुरी फक्त तोंडी राहिली, तर संगणकात पूर्ण रक्कम थकबाकी म्हणून दिसत राहील. पुढच्या महिन्यात लाइनमन यादी घेऊन दारात येतील, त्यांच्या हातातल्या कागदावर आमचे नाव असेल आणि त्यांना आमच्या अर्जाची काही कल्पना नसेल. सासूबाई दिवसभर घरी एकट्या असतात, त्यांना हे समजावून सांगता येणार नाही. म्हणून हप्त्यांचा आदेश लेखी मिळावा, त्याची नोंद बिलिंग प्रणालीत व्हावी, दरमहा बिलावर चालू रक्कम आणि हप्ता वेगवेगळा छापून यावा आणि आमच्या भागाच्या शाखा कार्यालयाला तसे कळवावे. वीज कायदा 2003 च्या कलम 56(1) प्रमाणे पुरवठा तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे मला माहीत आहे. पण ती वेळच येऊ नये यासाठी मी मुदतीच्या आधी अर्ज करत आहे. या अर्जावर निर्णय होईपर्यंत पुरवठा खंडित करू नये, ही विनंती.

काही कारणाने 16 हप्ते देणे आपल्या अधिकारात बसत नसेल, तर अर्ज नामंजूर करण्याऐवजी तो आपल्या शिफारशीसह कार्यकारी अभियंत्यांकडे पाठवावा आणि मला तसे कळवावे. ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाण्याची माझी इच्छा नाही. हा विषय याच कार्यालयात सुटू शकतो.

चर्चेसाठी बोलावल्यास मी मूळ कागदपत्रे घेऊन कोणत्याही दिवशी सकाळी 11 नंतर येऊ शकते. 26 सप्टेंबरपूर्वी लेखी उत्तर मिळावे.

आपली विश्वासू,
सौ. मंगल अशोक जाधव

सोबत : मार्च 2024 चा मीटर बदली अहवाल, जून 2024 च्या अर्जाची शिक्क्याची प्रत, 15 सरासरी बिले व पावत्या, जुलै 2025 चे मूळ बिल, 11 ऑगस्टची तक्रार, 20 ऑगस्टचा पंचनामा, 12 सप्टेंबरचे दुरुस्त बिल, ऑगस्टच्या चालू बिलाची पावती, पतपेढीच्या हप्त्याचे पासबुक.

प्रत माहितीसाठी : मा. कार्यकारी अभियंता, विभागीय कार्यालय.