सव्वा मूठ गहू : सुरतेतली दुसरी पिढी आणि गावची कानबाई

नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खान्देशात कानबाई ही कुळाची देवी बसते. त्याच्या आठवडाभर आधी शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावातून सुरतेला स्थायिक झालेल्या भाऊबंदांना फोन जातो. थोरल्या घरची काकू विचारते, "यंदा कितल्या मुठी धरू?" या कुळात माणसामागे सव्वा मूठ गहू रोटासाठी, म्हणजे देवीच्या प्रसादासाठी, निघतो, आणि माणूस म्हणजे पुरुष. मुलगा जन्मला की मूठ वाढते, कुणी गेलं की कमी होते. उधना, लिंबायत, पांडेसरा इथं जन्मलेली, गुजरातीत शिकलेली मुलंही या मोजणीत असतात. गावच्या शेताचा वाटा विकला तरी मूठ राहते. म्हणून दुसऱ्या पिढीचा देवधर्म समजून घ्यायचा तर देवळापेक्षा या धान्याच्या मापाकडे आधी बघावं लागतं.

पहिली अडचण तिथीची. महाराष्ट्रात नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीला, गुजरातेत नागपांचम श्रावण वद्य पंचमीला. महिना एकच, पण पंधरा दिवसांचा फरक. सुरतेतला मुलगा भिंतीवरच्या गुजराती पंचांगात बघून रजा मागतो आणि गावात विसर्जन होऊन गेलेलं असतं. त्यामुळे बऱ्याच घरांत आता दोन पंचांगं लटकतात. वरवर किरकोळ वाटणारी ही गोष्ट खूप काही सांगते : कामाचं, शाळेचं, सुट्टीचं वर्ष गुजराती, कुळाचं वर्ष मराठी.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. सुरतेत वाढलेल्या अनेक सुना-मुली गुजरातेतल्या दशामा देवीचं व्रत धरतात. आषाढ अमावास्येला सांढणीवरची दशामा घरात बसते, दहाव्या रात्री जागरण होऊन विसर्जन. कानबाईचा रविवार बहुतेक वर्षी याच दहा दिवसांत येतो. बसलेली देवी घरात एकटी सोडून दोन दिवस गावी कसं जायचं? सासू म्हणते, कुळाची आधी. सून म्हणते, नवस माझा आहे. भांडण क्वचितच श्रद्धेवर जातं. दोघींनाही दोन्ही देव्या खऱ्या वाटतात. तोडगा व्यवहारातून निघतो. शेजारणीकडे किल्ली आणि दोन वेळची आरती सोपवायची, किंवा सुनेनं सुरतेत थांबायचं आणि नवऱ्यानं मुलांना घेऊन जायचं. दुसऱ्या तोडग्याची किंमत मात्र मोठी असते. ओव्या-गाणी बाया म्हणतात. सूनच गेली नाही तर नातीच्या कानावर अहिराणी पडणार कुठून? एका घरात मुलीनं आजीची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करून वहीत उतरवली आहेत : भाषा अहिराणी, लिपी गुजराती.

रोटाचे नियम शहरात सगळ्यात आधी वाकतात. रोट कुळातल्यांनीच खायचा, बाहेर वाटायचा नाही, उरला तर श्रावण पौर्णिमेच्या आत संपवायचा. गावी भरल्या घरात हे सहज जमतं. सुरतेला नेलेल्या रोटाला श्रावणाच्या दमट हवेत डब्यात दोन-तीन दिवसांतच बुरशी धरते, आणि चाळीत शेजारचं पोर दारात उभं असताना डबा लपवणं आईला जड जातं. म्हणून या घरांत रोट गावातच संपवून येतात आणि चाळीत वाटायला वेगळी खीर-पुरी करतात. नियम मोडला नाही, शेजारही राखला.

सुरतेतच कानबाई बसवावी असं धाकट्या भावांना वाटतं. तिथं गल्लीगल्लीत ती बसतेही, आणि सोमवारी तापीकाठी वाजतगाजत जाते. "तापी तर तीच," हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे; खान्देशातून वाहणारी नदीच पुढं सुरतेला पोचते. थोरल्यांचं उत्तर नदीबद्दल नसतं. कानबाई म्हणून चौरंगावर नथ-साज घालून बसणारं नारळ पूर्वजांपासून आलेलं, एकच. ते हललं तर मुठी मोजण्याचा मानही हलतो. या कुळानं नवं नारळ गावी आणून जुन्याशेजारी एक रात्र ठेवलं आणि मग सुरतेला जाऊ दिलं. तरी मोजणी अजून गावातच होते.

ज्यांना मूठच नाही, त्या मुलींचा प्रश्न राहतोच. परक्या घरी जाणार म्हणून त्या मोजल्या जात नाहीत, आणि सुरतेत भावाइतकंच शिकून नोकरी करणाऱ्या मुलीला हे खुपतं. ते खुपणं रास्त आहे. यंदा एकीनं सरळ विचारलं, "मन्ही मूठ कोठे शे?" काकू काही बोलली नाही. रोटाचे गहू मोजून झाल्यावर तिनं आणखी सव्वा मूठ वेगळ्या वाटीत काढली, जात्यावर निराळी दळली आणि त्या कणकेचे दिवे केले. दिवे कुणी मोजत नाही. रविवारी रात्री कानबाईपुढं ते लागले, सोमवारी नदीवर निघताना आरतीच्या ताटात ते त्या मुलीच्याच हातात होते.