अभ्यासिका आणि मार्क

(सदाशिव पेठ, संध्याकाळ. ओंकारच्या लॅपटॉपवर एमपीएससीच्या सराव परीक्षांचे मार्क उघडे आहेत.)

ओंकार: मॅडम, निष्कर्ष तयार आहे. अभ्यासिकेत बसणाऱ्यांचे मार्क घरी अभ्यास करणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत. म्हणजे अभ्यासिकेमुळे मार्क वाढतात.

मॅडम: पहिलं वाक्य तुझ्या डेटातलं. दुसरं कुठून आणलंस?

ओंकार: कोरिलेशन चांगलं आलंय की!

मॅडम: येऊ दे. अभ्यासिकेत बसतं कोण?

ओंकार: गावाकडून आलेली मुलं. कॉट बेसिसवर राहतात, सकाळी सातला येऊन बसतात ते रात्रीच उठतात.

मॅडम: आणि घरी अभ्यास करणारे?

ओंकार: बरेचसे नोकरीवाले. हिंजवडीहून यायलाच आठ वाजतात, मग जेवून पुस्तक... अच्छा. त्यांना वेळच मिळत नाही.

मॅडम: हा तुझा कन्फाउंडर. ज्याच्याकडे दिवसभर वेळ आहे तो अभ्यासिका लावतो, आणि त्याच वेळामुळे त्याचे मार्कही वाढतात. अभ्यासिकेचा उपयोग शून्य असता, तरी तुला असाच आलेख दिसला असता.

ओंकार: मग नोकरीवाले वेगळे काढून बघतो. फरक जरा कमी होईल.

मॅडम: कमी होईल, नाहीसा होईल, कधी उलटाही होतो. १९८६ साली प्रसिद्ध झालेला मुतखड्याचा अभ्यास बघ. चिरफाड करून केलेली शस्त्रक्रिया ३५० पैकी २७३ जणांत यशस्वी, म्हणजे ७८ टक्के. पाठीत छोटं छिद्र पाडून केलेली ३५० पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. कुठली निवडशील?

ओंकार: छिद्राची.

मॅडम: आता खड्याच्या आकाराने गट पाड. लहान खडे : चिरफाड ९३ टक्के, छिद्र ८७. मोठे खडे : चिरफाड ७३, छिद्र ६९.

ओंकार: दोन्हीकडे चिरफाडच पुढे? मग एकूणात मागे कशी पडली?

मॅडम: वही घे, लिहून बघ. मोठ्या खड्यांचे २६३ रुग्ण चिरफाडीकडे गेले, छिद्राकडे फक्त ८०. अवघड रुग्ण एकीकडेच साठले.

ओंकार: म्हणजे गट पाडले की काम झालं.

मॅडम: जे मोजलंयस त्याच्यापुरतंच. घरचे पैसे, आधी दिलेल्या परीक्षा, मुळातली जिद्द? म्हणून औषधांच्या चाचणीत कोणाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात. मग न मोजलेल्या गोष्टीही दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात.

ओंकार: मी कोणाला चिठ्ठी टाकून अभ्यासिकेत कसं बसवणार?

मॅडम: नाहीच बसवू शकत. म्हणून ‘मुळे’ खोड आणि ‘अभ्यासिकेत बसणाऱ्यांचे मार्क जास्त आढळले’ एवढंच लिही. तुझ्या फॉर्मात नोकरीचा रकाना आहे?

ओंकार: नाही.

मॅडम: मग उद्या सकाळी सातला अभ्यासिकेच्या दारात उभा राहा. आणि नोकरीवाल्यांना रात्री फोन कर, नऊनंतर.