लांब उडी आणि तिहेरी उडी पाहण्यापूर्वी: फाउल आणि मोजमाप यांविषयी प्रेक्षक विद्यार्थ्यांसाठी माहिती

आज सकाळी साडेनऊ वाजता मुलींची लांब उडी आणि ती संपल्यानंतर त्याच धावमार्गावर मुलांची तिहेरी उडी होणार आहे. वाळूच्या खड्ड्याभोवतीच्या दोरीमागे बसणाऱ्या प्रेक्षकांचे लक्ष साहजिकच हवेतल्या झेपेकडे जाते. परंतु उडी वैध की फाउल आणि ती किती सेंटिमीटर, हे दोन्ही निर्णय हवेत होत नाहीत. ते फळीच्या एका कडेवर आणि वाळूतल्या एका खुणेवर ठरतात. ही दोन ठिकाणे पाहायला शिकलात, तर पंचांचा निर्णय बहुतेक वेळा झेंडा वर होण्याआधीच तुम्हाला कळेल.

धावमार्गाच्या शेवटी जमिनीच्या पातळीत बसवलेली पांढरी फळी 1.22 मीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद आहे. तिची वाळूकडची कड म्हणजेच उड्डाणरेषा. खेळाडूचा पाय फळीवर पडणे यात काहीही गैर नाही, उलट तो तेथेच पडावा यासाठी सारा धावण्याचा खटाटोप असतो. मात्र उडी घेताना बुटाचा कोणताही भाग या रेषेवर उभ्या कल्पिलेल्या भिंतीच्या पुढे गेला की फाउल होतो. पूर्वी रेषेपुढच्या प्लॅस्टिसिनच्या पट्टीवर बुटाची खूण उमटली आहे की नाही, यावर निर्णय अवलंबून असे. 2021च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला असून, आता पट्टीला स्पर्श न करता बुटाचे टोक नुसते तिच्यावर अधांतरी आले, तरी ती उडी बाद ठरते. आपल्याकडे कॅमेरा नसल्यामुळे एक पंच फळीच्या अगदी सरळ रेषेत खुर्ची टाकून बसतील. तिरक्या कोनातून पाहणाऱ्याला पाय रेषेपुढे गेला की नाही हे नीट कळत नाही, म्हणून दोरीमागून दिलेल्या ‘फाउल, फाउल’ अशा आरोळ्यांना फारसा अर्थ नसतो. पांढरा झेंडा म्हणजे वैध उडी आणि लाल झेंडा म्हणजे फाउल.

पाय फळीच्या अलीकडे पडला तर फाउल होत नाही, फक्त नुकसान होते. फळीच्या वाळूकडच्या कडेपासून 15 सेंटिमीटर मागून उडी घेणाऱ्या खेळाडूने ते 15 सेंटिमीटर गमावलेले असतात, कारण पाय कोठेही पडला तरी अंतर उड्डाणरेषेपासूनच मोजले जाते. धावताना धावमार्गाच्या बाजूच्या पांढऱ्या रेषेबाहेर पाऊल पडले, तर तेही फाउल नाही. फळीच्या डाव्या किंवा उजव्या टोकाबाहेरून उडी घेतली तर मात्र फाउल होतो, मग पाय रेषेच्या मागे असला तरीही. हवेत कोलांटी घेण्यासही मनाई आहे. खड्डा आणि फळी तयार असल्याचा इशारा मिळाल्यावर खेळाडूला एका मिनिटात उडीचा प्रयत्न सुरू करावा लागतो. वेळ संपली तर तो प्रयत्न वाया जातो.

आता वाळूकडे या. टेपचा शून्य वाळूतल्या खुणेपाशी धरतात आणि आकडा फळीपाशी वाचतात. ही खूण म्हणजे शरीराच्या किंवा शरीराला जोडलेल्या कोणत्याही वस्तूच्या स्पर्शाने उमटलेली, उड्डाणरेषेला सर्वांत जवळची खूण. समजा, एखाद्या मुलीच्या टाचा 5.20 मीटरवर टेकल्या, पण तोल जाऊन तिचा हात मागे 4.86 मीटरवर पडला, तर तिच्या नावापुढे 4.86च लिहिले जाईल. लांब वेणीचे टोक वाळूला लागले, तर तेही मोजतात. आज वेण्या वर बांधलेल्या दिसल्या, तर त्यामागचे कारण हे आहे. टेप उड्डाणरेषेला काटकोनात ताणतात, त्यामुळे खड्ड्याच्या कडेला तिरके उतरणाऱ्याला ते जास्तीचे तिरके अंतर मिळत नाही. मिलिमीटर सोडून देतात आणि अंतर नेहमी खालच्या पूर्ण सेंटिमीटरमध्ये नोंदवतात, म्हणजे 4.868 मीटर भरले तरी फलकावर 4.86 दिसेल. एका सेंटिमीटरचे काय एवढे, असे वाटत असेल, तर 2022च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील पुरुषांची तिहेरी उडी आठवा: एल्डोस पॉलने 17.03 मीटरवर सुवर्ण आणि अब्दुल्ला अबूबकरने 17.02 मीटरवर रौप्य मिळवले.

वाळूत उतरल्यावरही खेळाडू पूर्णपणे सुटलेला नसतो. बाहेर पडताना खड्ड्याच्या कडेवर किंवा बाहेरच्या जमिनीवर पडणारे पहिले पाऊल वाळूतल्या त्या सर्वांत जवळच्या खुणेपेक्षा फळीपासून अधिक दूर असले पाहिजे. आनंदाच्या भरात मागे फळीकडे चालत जाऊन बाहेर पडणाऱ्याची चांगली उडी येथे बाद होते, आणि माझ्या मते पाहणाऱ्यालाही सर्वांत जिवाला लागणारा फाउल हाच आहे. रीतसर बाहेर पडल्यानंतर मात्र वाळूतून कोणी परत चालत गेले, तर हरकत नाही.

तिहेरी उडीत हे सर्व नियम लागू होतातच, शिवाय पावलांचा क्रमही पाळावा लागतो. पहिला टप्पा लंगडीचा, म्हणजे ज्या पायाने उडी घेतली त्याच पायावर उतरायचे. दुसरा ढांगेचा, म्हणजे दुसऱ्या पायावर उतरायचे. आणि त्या दुसऱ्या पायाने शेवटची उडी वाळूत घ्यायची. ‘उजवा, उजवा, डावा, वाळू’ किंवा ‘डावा, डावा, उजवा, वाळू’ असे मनात म्हणत पाहिले की क्रम चुकलेला लगेच लक्षात येतो. मधल्या टप्प्यांत मोकळा पाय जमिनीला घासला, तर तो फाउल नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण प्रेक्षकांची सर्वाधिक चूक येथेच होते. तिहेरी उडीची फळी खड्ड्यापासून बरीच मागे असते. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत हे अंतर पुरुषांसाठी 13 आणि महिलांसाठी 11 मीटर असते, आज मुलांसाठी ते 9 मीटर ठेवले आहे. अंतर मात्र तिन्ही टप्पे मिळून, फळीपासून वाळूतल्या खुणेपर्यंत एकदाच मोजतात.

लांब उडीत आज 14 मुली आहेत. प्रत्येकीला तीन उड्या मिळतील आणि त्यांतील पहिल्या आठ जणींना आणखी तीन. क्रमांक प्रत्येकीच्या सर्वोत्तम उडीवर लागेल, त्यामुळे दोन फाउलनंतरही एखादी खेळाडू पहिली येऊ शकते. सर्वोत्तम उडी समान असेल तर दुसऱ्या क्रमांकाची उडी पाहतात. 2022च्या त्याच राष्ट्रकुल स्पर्धेत लांब उडीत मुरली श्रीशंकर आणि बहामाचा लॅक्वान नेर्न या दोघांचीही सर्वोत्तम उडी 8.08 मीटर होती. नेर्नची दुसरी चांगली उडी 7.98 मीटर आणि श्रीशंकरची 7.84 मीटर असल्याने सुवर्ण नेर्नला मिळाले.

धावमार्गाशेजारी उभे केलेले उपकरण वारा मोजते. पाठीमागचा वारा सेकंदाला 2 मीटरपेक्षा जास्त असेल, तर उडी विक्रम म्हणून धरली जात नाही, पण स्पर्धेच्या क्रमवारीत ती मोजली जाते. 1991 साली टोकियोत कार्ल लुईसने 8.91 मीटरची उडी घेतली, तेव्हा वारा सेकंदाला 2.9 मीटर होता. त्याच स्पर्धेत माइक पॉवेलने नियमातल्या वाऱ्यात 8.95 मीटर उडी मारून सुवर्ण जिंकले आणि विश्वविक्रमही केला.

खेळाडू धावमार्गाच्या टोकाशी उभा राहिल्यावर फळीच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, कारण पंचांची नजर तेथूनच जाते. एखादा निर्णय समजला नाही, तर वाळू समपातळीत आणली जात असताना, दोरीजवळच्या पिवळ्या टोपीतील स्वयंसेवकांना विचारावे. फळीपाशी बसलेल्या पंचांना नव्हे.