विषय: गाडी बुक करण्यापूर्वी एसडीएस आणि धोकादायक मालाचे वर्गीकरण मिळणेबाबत

नमस्कार साहेब,

आमच्या ऑर्डरचा माल येत्या मंगळवारी कुरकुंभहून उचलायचा आहे. भाडे आमच्याकडे असल्याने गाड्या आम्हीच लावतो आहोत, पण कागद पाहिल्याशिवाय गाडी देणार नाही असे ट्रान्सपोर्टरने सांगितले आहे. त्याचे काही चुकत नाही. सोलापूर रस्त्याने हडपसरमधून भोसरीपर्यंत हा माल आणायचा, तर गाडीत काय आहे हे त्याला आधीच माहीत हवे.

तिन्ही मालांची सोळा विभागांची पूर्ण, चालू आवृत्तीची एसडीएस पीडीएफमध्ये पाठवा. व्हॉट्सॲपवर आलेल्या दोन पानांच्या फोटोत विभाग १४, म्हणजे वाहतुकीची माहितीच नाही.

मुख्य प्रश्न नायट्रिक ॲसिडचा. ऑर्डरमध्ये ६८ टक्के आहे, आपल्या कोटेशनमध्ये ६० टक्के. यूएन क्रमांक दोन्हींचा २०३१ आणि पॅकिंग ग्रुप २ असला, तरी ६५ टक्क्यांच्या खाली फक्त वर्ग ८ लागतो. ६५ ते ७० टक्क्यांत ५.१ हा दुय्यम धोकाही जोडला जातो. कारबॉयवरचे लेबल त्यावर ठरते. त्यामुळे प्रत्यक्ष भरणाऱ्या बॅचचे कॉन्सन्ट्रेशन लेखी कळवा, सोबत सीओए जोडा. आम्हाला पॅसिव्हेशनसाठी ६८ टक्केच हवे आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड ५० टक्के आमच्या समजुतीने यूएन २०१४, वर्ग ५.१, दुय्यम ८, पॅकिंग ग्रुप २. ॲसिटोन यूएन १०९०, वर्ग ३, पॅकिंग ग्रुप २. ही आमची समजूत झाली. वर्गीकरण आपल्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवे. पेरॉक्साइडच्या कॅनला व्हेंटची झाकणे आहेत ना, तेही सांगा. घट्ट बुचाचे कॅन आमचे स्टोअर उतरवून घेणार नाही.

ॲसिटोनचे दोन ड्रम वेगळ्या गाडीने येतील, पेरॉक्साइडबरोबर ते आम्ही भरणार नाही. नायट्रिक आणि पेरॉक्साइड एका गाडीत चालतील का, हे एसडीएसचा विभाग १० पाहून आमचे सेफ्टी ऑफिसर ठरवतील. म्हणजे गाड्या दोन की तीन, हेसुद्धा आपल्या कागदांवर अडले आहे.

प्रत्येक मालाचे ट्रेम कार्ड ड्रायव्हरला वाचता येईल असे मराठीत किंवा हिंदीत द्या. त्यावरचा आपत्कालीन नंबर रात्रीही उचलला जाणारा असावा; ऑफिसचा लँडलाइन सहानंतर वाजतच राहतो, हा आमचा अनुभव आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १३१ नुसार ही माहिती वाहतूकदाराला पुरवणे माल पाठवणाऱ्याचे, म्हणजे आपले काम आहे. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत कागद आले तर संध्याकाळी गाड्या पक्क्या करून नंबर कळवतो. नाही आले तर मंगळवारचे लोडिंग पुढे जाईल, आणि तो उशीर आमच्या खात्यावर धरू नये.

आपला,
खरेदी अधिकारी
भोसरी एमआयडीसी, पुणे

प्रत: सेफ्टी ऑफिसर, स्टोअर्स