तासगावच्या शेताचं मुखत्यारपत्र: आत्यासाठी थोडक्यात

आत्या, सहा पानी मसुदा वाचला. सहीआधी एवढं बघ.

दादाला तू देतेस ते असं: तुझ्या नावच्या दीड एकर द्राक्षबागेची वहिवाट, तलाठी आणि तहसील कार्यालयातले अर्ज, वीजबिल, पीकविमा, बेदाण्याची विक्री आणि त्याचे पैसे तुझ्याच खात्यात भरणं. कोर्टात तुझ्या वतीने वकील नेमण्याचाही अधिकार आहे, पण फक्त बांधाच्या दाव्यापुरता.

जमीन विकणं, गहाण ठेवणं, बक्षीस देणं, हक्कसोड करणं यांतलं काहीही त्याला करता येणार नाही. हे कलम ४. मात्र कलम ७ मध्ये "आणि अनुषंगिक सर्व कामे" असं मोघम वाक्य घुसलंय. वाद होतात ते अशाच शेपटांमुळे. त्यापुढे "कलम ४ च्या अधीन राहून" हे शब्द घालून घे. आणखी एक, पन्नास हजारांवरच्या खर्चाला तुझी लेखी संमती लागेल.

मुदत ३१ मार्च २०२७ पर्यंत. आपोआप वाढणार नाही.

त्याआधी बंद करायचं तर रद्द करण्याचा लेख करून दादाला नोटीस पाठवायची. हे नोंदणीकृत होणार आहे, म्हणून रद्दचा लेखही दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा. तलाठी आणि बँकेला प्रत द्यायची, नाहीतर ते जुन्याच कागदावर विश्वास ठेवतील. दोघांपैकी कुणी गेलं तर पत्र तिथंच संपतं. तुझ्या पश्चात दादा त्यावर सही करू शकत नाही.