मधल्या सुट्टीत बुद्धिबळ मंडळ सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्याध्यापिका

विषय : मधल्या सुट्टीतील बुद्धिबळ मंडळासाठी परवानगी

महोदया,

माझी मुलगी आपल्या शाळेत सहावीच्या ब तुकडीत आहे. शाळा सुटल्यावर बसची वाट पाहत काही मुलं पायरीवर बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. हत्ती हरवलाय, म्हणून त्याच्या जागी पेनाचं टोपण असतं आणि कॅसलिंग करताना राजा दोन घरं सरकतो की तीन यावर जोरदार भांडण होतं. त्यांना हक्काची जागा आणि नियम सांगणारं कुणीतरी मिळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

मंगळवारी आणि गुरुवारी मधल्या सुट्टीत पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी हे मंडळ चालवावं, असं आम्हा चार पालकांना वाटतं. सुट्टी चाळीस मिनिटांची. पहिली पंधरा मिनिटं मुलं आपापल्या वर्गातच डबा खातील. डबा संपल्याशिवाय प्रवेश नाही, हे आम्ही कटाक्षाने पाळू. मग वीस मिनिटं खेळ आणि शेवटची पाच आवराआवरीला.

जागा म्हणून चित्रकलेचा वर्ग सुचवते. तिथली टेबलं रुंद आहेत आणि त्या वेळी तो रिकामा असतो. वाचनालय नको, कारण शह दिल्यावर गप्प बसणारं मूल मी तरी पाहिलेलं नाही.

सुरुवातीला २४ मुलं, १२ पट. नावं जास्त आली तर चिठ्ठ्या टाकू, पण निम्म्या जागा ज्यांना सोंगट्या कशा चालतात हेही माहीत नाही त्यांच्यासाठी राखून ठेवाव्यात. नाहीतर आधीच येणारी मुलंच जिंकत राहतात आणि नवखी दोन आठवड्यांत गळतात. गुंडाळता येणारे पट आणि प्लॅस्टिकच्या सोंगट्या आम्ही पालक आणू. शाळेवर खर्च नाही. प्रत्येक संचाला क्रमांक घातलेली कापडी पिशवी असेल. ३२ सोंगट्या मोजून भरल्याशिवाय जोडीने उठायचं नाही.

वीस मिनिटांत डाव संपेलच असं नाही. त्यासाठी ६४ घरांचे छापील कागद ठेवू. मुलं सोंगट्यांची जागा आणि पुढची चाल कोणाची हे त्यावर लिहून ठेवतील आणि पुढच्या वेळी तिथूनच खेळतील. हात लावलेली सोंगटी चालवायची, हा नियम पहिल्या दिवसापासून. घड्याळं आणि स्पर्धा मात्र पहिल्या सत्रात नकोत.

दर वेळी दोन पालक हजर राहतील, फाटकावरच्या वहीत नोंद करून आणि शाळेचं ओळखपत्र लावून. त्या मजल्यावर देखरेखीला असलेल्या शिक्षकांनी एकदा डोकावलं तरी पुरे. त्यांची मधली सुट्टी आम्हाला हिरावून घ्यायची नाही. परीक्षेच्या आठवड्यात मंडळ बंद राहील.

यामुळे गणिताचे गुण वाढतील असा माझा दावा नाही. सहा आठवडे करून पाहू. गैरसोय वाटली तर आपण सांगाल त्या दिवशी थांबवू. सोयीची वेळ कळवल्यास आमच्यापैकी दोघी भेटायला येऊ. संमतिपत्राचा मसुदा सोबत जोडला आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक पालक, इयत्ता सहावी ब